गाजरांचे लवणजलातील किण्वन : मिठाचे प्रमाण, साय आणि बुरशी

महाराष्ट्रात भाज्या व फळे मिठाच्या पाण्यात टिकविण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत आणि त्यांची गल्लत झाल्याने बरण्या नासतात. कोकणात कैऱ्या मीठवणीत ठेवतात ती पहिली रीत होय. तेथे मीठ इतके तीव्र असते की बहुतेक जीवाणू त्यात वाढतच नाहीत, आणि कैरी वापरण्यापूर्वी साध्या पाण्यात भिजवून तिचा खारटपणा काढावा लागतो. दुसऱ्या रीतीत मीठ मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे नासविणारे जीवाणू मागे पडतात, दुग्धाम्ल निर्माण करणारे जीवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेले आम्लच भाजीचे रक्षण करते. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या रीतीपुरते आहे.

जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीसारख्या गावी हिवाळ्यात गाजरे घेऊन बरणी घातली, असे समजू. गाजरे १ किलो, पाणी १ लिटर. सामान्यतः १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून ‘३ टक्क्यांचे द्रावण’ झाले असे मानतात. परंतु गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी असते. काही दिवसांत मीठ गाजरात शिरते, गाजरातील रस बाहेर येतो आणि दोहोंकडील प्रमाण सारखे होऊ लागते. तेव्हा एकूण २ किलो वजनावर ३० ग्रॅम मीठ, म्हणजे केवळ दीड टक्का उरते. म्हणून मीठ नुसत्या पाण्यावर न मोजता भाजी व पाणी यांच्या एकत्रित वजनावर मोजावे. ३ टक्क्यांसाठी येथे ६० ग्रॅम मीठ लागेल. चमच्याने मोजणे योग्य नव्हे. कारण जाडे मीठ व बारीक मीठ यांचे एका चमच्यातील वजन सारखे नसते. ताजे अंडे तरंगेल इतके खारे पाणी करण्याची जुनी कसोटीही येथे निरुपयोगी आहे. अंडे तरंगते ते सुमारे १० टक्क्यांच्या द्रावणात, आणि तेथे दुग्धाम्लाची क्रिया फार मंदावते.

किण्वनास सुमारे १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. त्या काळात मीठ थोडे वाढविले तरी भाजी मऊ पडण्याचा व नासण्याचा धोका राहतोच. यास्तव हिवाळा हाच योग्य काळ होय.

पहिल्या दोनतीन दिवसांत बुडबुडे येतात व पाणी गढूळ होते. हे क्रिया चालू असल्याचे लक्षण आहे. भाजी सर्वस्वी पाण्याखाली राहील असे वजन तीवर ठेवावे. त्यासाठी काळा दगड चालेल, चुनखडीचा चालणार नाही. चुनखडी आम्ल शोषून घेते.

पृष्ठभागावर काही दिवसांनी पांढरी किंवा पिवळसर, सपाट, पातळ साय दिसू लागते. ती सुरकुतलेली असू शकते. पण तिला लव नसते. हे हवेवर वाढणारे किण्व होत. ते स्वतः अपायकारक नाहीत. तथापि ते दुग्धाम्लच खातात. साय तशीच राहू दिली तर आम्लता घटते आणि बुरशीस वाट मिळते. म्हणून ती वरचेवर काढून टाकावी, बरणीचा काठ पुसावा व भाजी पुन्हा बुडवावी.

बुरशी निराळी असते. ती उंचवट्यासारखी, लवदार, बहुधा गोल ठिपक्यांनी वाढते आणि हिरवी, निळी, काळी अशी रंगीत होते. सुरुवातीला मात्र तीही पांढरी असते. म्हणून रंगापेक्षा लव ही खरी खूण समजावी. तिचे तंतू भाजीत खोल शिरतात आणि काही जातींची विषे पाण्यात पसरू शकतात. वरचा थर काढला की उरलेली भाजी शुद्ध झाली, असे म्हणता येत नाही.

यावरून बरणी टाकून देण्याचा निर्णय चार लक्षणांवर करावा : लवदार वा रंगीत बुरशी अथवा गुलाबी थर, आंबट वासाऐवजी कुजका वास, भाजी बुळबुळीत होऊन हातात विरघळणे, आणि आठवड्यानंतरही पाण्याचा पीएच ४.६ च्या खाली न उतरणे. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण त्याखाली बोटुलिझमचे विष निर्माण करणारा जीवाणू वाढू शकत नाही. पीएच ४.० किंवा कमी असणे अधिक चांगले. रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने हे घरी तपासता येते. मात्र संशय असता चव घेऊन परीक्षा करू नये; हे विष जिभेला कळत नाही.