सरासरी ४९५० आली, पण एकही गिऱ्हाईक तेवढे द्यायला तयार नाही!

डब्याचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी दर वाढवण्याआधी गूगल फॉर्मवर दहा गिऱ्हाइकांना विचारलं, 'एक वेळच्या डब्याचे महिन्याला किती रुपये परवडतील?' उत्तरं आली ती अशी: २२००, २४००, २५००, २५००, २६००, २७००, २८००, २८००, ३००० आणि २६०००. सरासरी निघाली ४९५०. या आकड्यावर दर ठरवला असता, तर दुसऱ्या दिवशी निम्मे डबे बंद झाले असते.

गडबड २६००० मध्ये आहे हे दहा ओळींत डोळ्यांना दिसतं. दोनशे ओळींत दिसत नाही, तिथे एक्सेलकडून खूण करून घ्यावी लागते. बहुतेक जण त्यासाठी झेड-स्कोअर काढतात. म्हणजे आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं आणि त्याला स्टँडर्ड डेव्हिएशनने भागायचं. उत्तर ३ च्या वर गेलं की आकडा संशयित.

```
=(B2-AVERAGE(B$2:B$11))/STDEV.S(B$2:B$11)
```

आता गंमत बघा. २६००० चा झेड-स्कोअर येतो २.८४. म्हणजे सुटला की तो! कारण त्या एका आकड्याने सरासरी तर वर ओढलीच, पण स्टँडर्ड डेव्हिएशनही ७४०० पर्यंत फुगवलं. चोरालाच पंच केल्यासारखं झालं. दहा उत्तरांत तुम्ही २६ लाख लिहिलेत तरी या सूत्राने स्कोअर २.८५ च्या पुढे जातच नाही. त्यामुळे उत्तरं थोडी असतील तर ३ ची अट लावून उपयोग नाही.

अशा वेळी क्वार्टाइल वापरा. आकडे चढत्या क्रमाने लावले की खालचा पाव भाग जिथे संपतो तो Q1, आणि वरचा पाव भाग जिथे सुरू होतो तो Q3.

```
=QUARTILE.INC(B$2:B$11,1)
=QUARTILE.INC(B$2:B$11,3)
```

इथे Q1 आला २५०० आणि Q3 आला २८००. अंतर ३००, त्याची दीडपट ४५०. २५०० मधून ४५० वजा केले आणि २८०० मध्ये ४५० मिळवले की हद्द ठरते २०५० ते ३२५०. आता २६००० लगेच पकडला जातो, कारण एक टोकाचा आकडा मधल्या निम्म्या उत्तरांना हलवू शकत नाही.

पण ओळ डिलीट करू नका. शेजारच्या कॉलममध्ये 'तपासा' लिहा आणि फोन करा. एक शून्य जास्त पडलं असेल, नाहीतर वर्षाचे पैसे लिहिले असतील. ताईंनी विचारलं तेव्हा शून्यच निघालं. २६०० केल्यावर सरासरी आली २६१०.

१ ते ५ च्या रेटिंगला मात्र हा नियम लावू नका. बहुतेकांनी ४ आणि ५ दिले असतील तर हद्द २.५ वर येते, आणि १ किंवा २ देणारे सगळे 'चुकीचे' ठरतात. त्यांनी चूक केलेली नसते हो, त्यांच्या डब्यातली भाजी खरंच आंबलेली असते.