कंपोस्टचे कार्बन क्रेडिट कशावर मिळते?

पळसदेव परिसरात पाचट, शेण आणि घरचा ओला कचरा भरपूर. त्याचे खत केले की कार्बन क्रेडिट (एक टन कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन टळल्याचा दाखला) मिळते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात खताच्या वजनावर क्रेडिट मिळत नाही. टळलेल्या मिथेनवर मिळते.

त्यासाठी आधी पायारेषा (प्रकल्प नसता तर काय घडले असते याचा हिशेब) ठरवतात. रोज पायीच जाणाऱ्याला एसटीचे भाडे वाचले असे म्हणता येत नाही, तसेच इथे. पाचट शेतातच उघड्यावर कुजणार असेल, तर तिथे हवा खेळती असल्याने मिथेन नगण्य, म्हणून क्रेडिटही नाही. ओला कचरा खोल ढिगात हवेविना दबून कुजला असता, तरच दावा उभा राहतो.

समजा, गावातून रोज 100 किलो अन्नकचरा निघतो, म्हणजे वर्षाला 36.5 टन. तो पाच मीटरपेक्षा उथळ ढिगात गेला असता, असे धरू. कंपोस्ट करताना निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड वजा केल्यावर उरतात साधारण 15 क्रेडिट. तीही एकदम मिळत नाहीत, कारण ढीग वर्षानुवर्षे कुजतो आणि हिशेबही तसाच चालतो.

लहान प्रकल्पांना नियमांची आडकाठी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत अशा लघु प्रकल्पांची मर्यादा वर्षाला 60,000 टन कार्बन डायऑक्साइडएवढी उत्सर्जन-घट होती. अडचण खर्चाची आहे. त्रयस्थ तपासणीचा खर्च 15 क्रेडिटांतून निघत नाही. त्यामुळे एकट्या गावाने नोंदणीच्या मागे लागू नये. अनेक गावांचा एकत्रित प्रकल्प असेल तरच विचार करावा, आणि पहिल्या दिवसापासून कचऱ्याच्या वजनाची नोंदवही ठेवावी.