सॉफ्टवेअर सोडण्याआधीचं एक पत्र

"जुन्या सॉफ्टवेअरवाल्याशी बोलणं झालंय, तो सगळं एक्सेलमध्ये काढून देणार आहे." बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलायला निघालेला दुकानदार हे अगदी निश्चिंतपणे सांगतो. पुढचा घोळ होतो तो या 'सगळं'मुळे. दुकानदाराच्या आणि कंपनीच्या मनातलं 'सगळं' वेगवेगळं असतं.

तालुक्याच्या गावातलं एक मेडिकल डोळ्यांसमोर आणू. आठ वर्षं एकच सॉफ्टवेअर, डेटा कंपनीच्या सर्व्हरवर, करार ३१ मार्च २०२६ ला संपणार. फोनवर मागितलं की कंपनी बहुधा तीन तक्ते पाठवते: शिल्लक माल, ग्राहकांकडची येणी आणि औषधांची यादी. हे झाले अहवाल, म्हणजे त्या दिवसापुरता काढलेला गोषवारा. एका ग्राहकाकडे १२,४०० रुपये येणं आहे, एवढं त्यातून कळतं. ते कोणत्या बिलांचं आणि मधे त्याने किती भरले, हे कळत नाही. ग्राहकाने "दिवाळीत दिले होते की" म्हटलं, तर दाखवायला काही नाही.

मुदत संपलेल्या मालाचं तर आणखी अवघड. असा माल होलसेलरकडे परत जातो आणि त्याची क्रेडिट नोट महिन्या-दोन महिन्यांनी येते. मधल्या काळात तो माल शिल्लक साठ्यातही दिसत नाही आणि जमा रकमेतही नाही. खरेदी परतीची मूळ नोंद हातात नसेल, तर ते पैसे मागण्याचा आधारच जातो.

म्हणून मागणी लेखी हवी, नाव घेऊन हवी आणि करार संपण्याच्या दोन महिने आधी हवी. जानेवारीच्या शेवटी या दुकानदाराने पाठवायचं पत्र साधारण असं असेल:

विषय : ३१ मार्च २०२६ रोजी करार संपण्यापूर्वी दुकानाचा संपूर्ण डेटा मिळणेबाबत

महोदय,

आपल्यासोबतचा आमचा करार ३१ मार्च २०२६ रोजी संपत असून तो आम्ही पुढे वाढवणार नाही. १ एप्रिल २०१८ पासूनचा आमचा डेटा पुढीलप्रमाणे द्यावा, ही विनंती.

१. विक्री, खरेदी, विक्री परत, खरेदी परत, क्रेडिट-डेबिट नोट, जमा व भरणा यांतील प्रत्येक व्यवहार ओळीनिहाय. बिल क्रमांक, तारीख, बॅच, मुदत, एचएसएन आणि त्या वेळच्या कराच्या दरासह. रद्द केलेली बिलेही द्यावीत.

२. ग्राहक, पुरवठादार व औषधे यांच्या मूळ याद्या अंतर्गत क्रमांकांसह, तसेच एच-१ नोंदवही.

३. प्रत्येक तक्त्याची वेगळी CSV फाइल, UTF-8 मध्ये. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी यादी. शक्य असल्यास डेटाबेसचा बॅकअप, आवृत्ती व पासवर्डसह.

४. प्रत्येक फाइलमधील ओळींची संख्या आणि वर्षनिहाय विक्री-खरेदीची बेरीज.

५. चाचणी प्रत १५ फेब्रुवारीपर्यंत व अंतिम प्रत ३१ मार्चचे व्यवहार बंद झाल्यावर द्यावी. ३० एप्रिलपर्यंत केवळ पाहण्यापुरता प्रवेश ठेवावा.

यासाठी शुल्क असल्यास लेखी कळवावे. आमची लेखी पोच मिळेपर्यंत डेटा पुसू नये. त्यानंतर ग्राहकांची माहिती पुसून तसे कळवावे.

कळावे,

पत्रातल्या काही शब्दांमागे कारणं आहेत. 'त्या वेळच्या कराचा दर' हेच घ्या. बहुतेक औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला. दर फक्त औषधांच्या यादीत असेल आणि बिलाच्या ओळीत नसेल, तर जुनी बिलंही पाच टक्क्यांचीच दिसतील आणि भरलेल्या कराशी मेळ बसणार नाही. 'अंतर्गत क्रमांक' हवेत, कारण गावात एकाच नावाचे दोन ग्राहक असतात आणि सॉफ्टवेअर त्यांना नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतं. आणि रद्द बिलं गाळली, तर बिलांच्या सलग क्रमांकात भगदाडं पडतात. ती का पडली, हे चार वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

बॅकअपसाठी 'शक्य असल्यास' असं नरमाईने लिहिलंय, तेही उगाच नाही. सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा बऱ्याच दुकानांचा डेटा एकाच डेटाबेसमध्ये असतो. तो अख्खा बॅकअप कंपनी देऊ शकत नाही आणि देऊही नये. अशा वेळी अंतर्गत क्रमांकांसह CSV फाइली आल्या तरी काम भागतं.

आता तपासणी. चाचणी प्रत आली की फाइलवर डबल क्लिक करायचा मोह आवरायचा, कारण एक्सेल आपल्या मनाने आकडे बदलतं. १३ अंकी बारकोड `8.90E+12` असा दिसू लागतो. `12E5` हा बॅच क्रमांक त्याला मोठी संख्या वाटते आणि `MAR25` ही तारीख. अशी फाइल तशीच सेव्ह केली, तर मूळ क्रमांक गेला तो गेलाच. आधी नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. नंतर एक्सेलमधून फाइल आत घेताना हे रकाने 'टेक्स्ट' ठरवावेत. मराठी नावांच्या जागी `à¤` अशी अक्षरं दिसली, तर घाबरू नये. UTF-8 निवडून फाइल पुन्हा आत घेतली की नावं वाचता येतात. तरीही ती वाचता आली नाहीत, तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असण्याची शक्यता मोठी. मग रूपांतर करून मागायला हीच वेळ.

मग बेरजा. समजा, २०२४-२५ च्या विक्रीच्या फाइलची करपात्र बेरीज ६१ लाख ४० हजार येते आणि त्या वर्षी जीएसटीआर-१ मध्ये भरलेली ५८ लाख ९५ हजार. दोन लाख ४५ हजारांचा फरक. विक्री परतीच्या फाइलची बेरीज नेमकी तेवढीच आली, तर कोडं सुटलं. ती फाइलच आली नसेल, तर काय राहिलं तेही याच फरकातून कळलं. शेवटी कागदावरची पाच जुनी बिलं काढायची: एक परतीचं, एक रद्द, एक उधारीचं आणि दोन साधी. प्रत्येकाचं औषध, बॅच आणि रक्कम फाइलीत सापडते का, ते पाहायचं. हे जमलं तरच अंतिम प्रतीनंतर पोच द्यायची.

कंपनीचं काही देणं थकलं असेल, तर तो विषय या पत्रात आणू नये. त्याचा पत्रव्यवहार वेगळा ठेवावा, नाहीतर दोन्हीची गाठ बसते. करारात डेटा परत देण्याचं कलम असेल, तर त्याचा क्रमांक मात्र विषयाखाली जरूर लिहावा. कलम नसेल, तर शुल्काची बोलणी होणार हे धरून चालावं.

कायदा मात्र हिशेब दुकानदारालाच विचारतो. एच-१ नोंदवही तीन वर्षं जपावी लागते. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२५-२६ ची ती मुदत ३१ डिसेंबर २०२६. म्हणजे त्या वर्षीची बिलं ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत सांभाळायची. नवं सॉफ्टवेअर सहसा याद्या आणि सुरुवातीची शिल्लक तेवढी आत घेतं, जुनी बिलं नाही. म्हणून या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक दुकानात, दुसरी घरी. आणि दर वर्षी विवरणपत्र भरताना एखादी उघडून पाहावी.