फोटोतला फॉर्म १६ कसा वाचायचा?



दारव्ह्यातले आमचे एक सहकारी सर यंदा पहिल्यांदाच स्वतः रिटर्न भरायला बसले. त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर फॉर्म १६ चे चार फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मॅडम, कोणता आकडा कुठे टाकू?" आपण त्याच फोटोंवरून हा फॉर्म वाचू या. ओळख पटू नये म्हणून रकमा मी सोप्या करून घेतल्या आहेत.

फॉर्मचे दोन भाग असतात. भाग 'अ' मध्ये पगारातून किती कर कापला आणि सरकारकडे किती जमा झाला, ते असतं. भाग 'ब' मध्ये तो कर कसा काढला, त्याचा हिशोब असतो. बहुतेक जण भाग 'ब' नीट बघतात आणि भाग 'अ' वर नुसती नजर टाकतात. खरं तर गडबड बहुधा भाग 'अ' मध्येच सापडते.

आधी वरचे चौकोन बघा. पॅन दहा अक्षरांचा असतो. पहिली पाच आणि शेवटचं, ही इंग्रजी अक्षरं असतात आणि मधले चार अंक असतात. त्यामुळे फोटो अंधुक असला आणि O आहे की शून्य ते कळत नसलं, तरी जागेवरून ठरवता येतं. चौथं अक्षर व्यक्तीसाठी P असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर असतं. शेजारीच असेसमेंट इयर दिलेलं असतं. सरांचा पगार २०२४-२५ चा, म्हणून तिथे २०२५-२६ होतं. ती चूक नाही, पुढचंच वर्ष लिहायचं असतं.

आता भाग 'ब'. सुरुवातीलाच एक प्रश्न असतो: Whether opting out of taxation u/s 115BAC(1A)? पुढे No असेल तर कर नवीन पद्धतीने काढलेला आहे. म्हणजे 'नवीन पद्धतीतून बाहेर पडता का?' 'नाही.' हे उलटं वाचणारे मी बरेच पाहिलेत! सरांचं No होतं.

खाली एकूण पगार ८,२५,००० रुपये. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले ७,५०,०००. सरांनी विचारलं, "माझा व्यवसाय कर २,५०० कापला, तो का नाही वजा?" नवीन पद्धतीत तो वजा होत नाही, म्हणून तो चौकोन रिकामा असतो. कलम ८०सी मधला विमा आणि पीपीएफही तिथे चालत नाही.

करपात्र रक्कम ७,५०,०००. त्या वर्षीच्या दरांनी पहिल्या तीन लाखांवर कर नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि उरलेल्या पन्नास हजारांवर १० टक्क्यांनी ५,०००. झाले २५,०००. त्यावर ४ टक्के उपकर १,०००. रक्कम सात लाखांच्या वर असल्याने ८७ए ची सूट नाही. ओळ १९ मध्ये निव्वळ कर २६,००० आहे, म्हणजे हिशोब जुळला. (मागच्या वर्षांची थकबाकी मिळालेली असेल तर ओळ १८ मध्ये कलम ८९ ची सवलत दिसेल. ती घ्यायची तर रिटर्नआधी फॉर्म १०ई भरावा लागतो.)

आता परत भाग 'अ' कडे या. तिथे तिमाहीवार तक्ता असतो. फोटोत तीन ओळी दिसत होत्या, प्रत्येकी ६,०००. फोटोची खालची कड कापलेली होती. मला वाटलं, चौथी तिमाही फोटोत आली नाही. तरी मूळ पीडीएफ मागवली. चौथी ओळ त्यातही नव्हती! बेरीज होती १८,०००. पगारपत्रकात मात्र जानेवारी ते मार्चमध्ये ८,००० कापलेले होते.

मग आयकर पोर्टलवर लॉगिन करून e-File, Income Tax Returns आणि View Form 26AS या वाटेने गेलो. तिथेही १८,०००च. भाग 'अ' आणि हे विवरण दोन्ही कार्यालयाने भरलेल्या तिमाही विवरणपत्रावरूनच तयार होतात, म्हणून दोन्हींत एकच चूक आली. चौकशीअंती कळलं, शेवटच्या तिमाहीत पॅनचं एक अक्षर चुकलं होतं.

अशा वेळी नुसता ओळ १९ चा आकडा बघून २६,००० जमा दाखवून रिटर्न भरलं, तर आयकर खात्याच्या नोंदीत १८,०००च असतात आणि फरकाच्या ८,००० ची व्याजासह मागणी येऊ शकते. ते पैसे स्वतः पुन्हा भरायचे नसतात. कार्यालयाला पगारपत्रकाच्या प्रतीसह लेखी अर्ज द्या आणि २४क्यू चं दुरुस्ती विवरणपत्र भरायला सांगा. सरांनी तेच केलं. विवरणात २६,००० दिसल्यावर नवीन फॉर्म १६ घेतला आणि मगच रिटर्न भरलं.

भाग 'अ' च्या खालच्या तक्त्यात जमा रकमेपुढे एक अक्षर असतं, तेही बघून ठेवा. F म्हणजे नोंद पक्की जुळली, P म्हणजे तात्पुरती आणि U म्हणजे जुळलीच नाही. U दिसला तर कार्यालयात विचारा. आणि फोटो पाठवायचाच असेल तर पॅन झाकून पाठवा, ग्रुपवर तर टाकूच नका.