२००८ ची पडझड, दर शनिवारी सकाळी सातला

दर शनिवारी सकाळी सात वाजता माझ्या मेलमध्ये एक पानी अहवाल येऊन पडतो. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलेला छोटा प्रोग्राम तो पाठवतो. त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर असतं: आज आपल्याकडे जी गुंतवणूक आहे, तीच जानेवारी २००८ मध्ये असती तर वर्षभरात तिचं काय उरलं असतं? बँकांमध्ये याला स्ट्रेस टेस्ट म्हणतात. घरच्या पोर्टफोलिओसाठी ती करायला भागाकार आणि गुणाकार येत असला की पुरतं. पण जुने भाव मात्र नीट जपून ठेवलेले असावे लागतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी हिशेब पाहू. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. म्हणजे शंभराचे एकोणचाळीस. आज सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात ८ लाख असतील, तर तशाच पडझडीत त्यांचे ३ लाख १२ हजार होतील. प्रोग्राम प्रत्येक गुंतवणुकीसाठी हीच एक ओळ चालवतो:

```
after = value_today * price_end / price_start
```

आता वीस लाखांचा एक साधा पोर्टफोलिओ घेऊ. इंडेक्स फंडात ८ लाख, मिडकॅप फंडात ५ लाख, गोल्ड ईटीएफमध्ये ३ लाख आणि बँकेत मुदत ठेव ४ लाख. त्या चौदा महिन्यांत मिडकॅप शेअर सेन्सेक्सपेक्षाही जास्त आपटले होते. हिशेबासाठी ७० टक्के घसरण धरू, म्हणजे ५ लाखांचे दीड लाख. सोनं रुपयात एक तृतीयांशाहून जास्त वाढलं होतं. ३५ टक्के धरले तर ३ लाखांचे ४ लाख ५ हजार होतात. ठेवीचं व्याज सोडून देऊ, ती ४ लाखच राहू दे. बेरीज येते १२ लाख ६७ हजार. वीस लाखांतले सात लाखांहून जास्त गेले, म्हणजे साधारण ३७ टक्के.

सगळ्यांना तारखा मात्र त्याच दोन लावायच्या. प्रत्येक गुंतवणुकीचा आपापला सगळ्यात वाईट दिवस निवडून बेरीज केली, तर कधीच न घडलेली पडझड तयार होते. आणि त्या दोन तारखा कोणत्या, यावरही बरंच अवलंबून असतं. सेन्सेक्सचा तळ मार्च २००९ मधला; पण निफ्टीचा सगळ्यात खालचा बंद भाव २७ ऑक्टोबर २००८ चा आहे, २,५२४. त्या दिवशी सेन्सेक्स ८,५१० च्या आसपास होता, म्हणजे मार्चपेक्षा थोडा वरच. गंमत सोन्याची आहे. ऑक्टोबरात जगभर लोक मिळेल ते विकून रोख करत होते, तेव्हा सोनंही डॉलरमध्ये पडलं होतं. जानेवारीत ३९ च्या घरात असलेला डॉलर ५० रुपयांच्या आसपास गेला होता, म्हणून रुपयात ते जेमतेम वर राहिलं. आधाराची खरी गरज होती तेव्हा सोन्याने फार तर पाच टक्के दिले. ऑक्टोबरची तारीख लावून वरचाच पोर्टफोलिओ मोजला, तर शेअर बाजार मार्चपेक्षा किंचित कमी पडूनही तोटा ३७ वरून ४० टक्क्यांवर जातो. म्हणून माझ्या अहवालात २००८ च्या नावाने दोन ओळी असतात.

तिसरी ओळ २०२० ची. १४ जानेवारीला सेन्सेक्स ४१,९५२ वर होता, २३ मार्चला २५,९८१ वर. सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के. त्या एका सोमवारी तर तो ३,९३४ अंकांनी कोसळला होता. मिडकॅप ४० टक्के खाली आणि सोनं ५ टक्के वर धरलं, तर वीस लाखांचे १५ लाख ११ हजार होतात. पण हा घाव लवकर भरला. नोव्हेंबर २०२० मध्ये सेन्सेक्स जानेवारीच्या पातळीच्या वर होता. २००८ ची पातळी पुन्हा दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडावं लागलं, आणि तीही टिकली नाही. ज्याला दोन वर्षांत मुलीच्या शिक्षणाचे पैसे लागणार आहेत, त्याने टक्क्यांच्या शेजारचा हा महिन्यांचा रकाना आधी वाचावा.

भूतकाळ काही बदलत नाही, मग हा अहवाल दर आठवड्याला कशाला? कारण पोर्टफोलिओ बदलत असतो. बाजार दोन वर्षं चढला की मिडकॅपचे ५ लाख आपोआप ९ लाख होतात. आपण एक रुपयाही हलवलेला नसतो, तरी २००८ च्या ओळीतला तोटा वाढत जातो. कॉम्प्युटरला शनिवारची वेळ एका ओळीत सांगता येते:

```
0 7 * * 6 python3 /home/ghar/stress.py
```

शनिवारी अशासाठी, की म्युच्युअल फंडांच्या एनएव्ही रात्री उशिरा जाहीर होतात. शुक्रवारच्या एनएव्ही शनिवारी सकाळपर्यंत अ‍ॅम्फीच्या `NAVAll.txt` या फाइलमध्ये आलेल्या असतात. या फाइलचा एक खोडा आहे. तिच्यातल्या काही योजनांचे भाव फार जुने असतात, कारण त्या केव्हाच बंद पडल्या आहेत. शिवाय एखाद्या दिवशी फाइल उतरलीच नाही, तर प्रोग्राम गुपचूप मागच्या आठवड्याचे भाव वापरतो आणि अहवाल नेहमीसारखाच दिसतो. म्हणून आपण फाइल कधी उतरवली ते न पाहता भावाच्या शेजारी छापलेली तारीख तपासायची, आणि सगळ्यात शिळ्या भावाची तारीख अहवालाच्या माथ्यावर घालायची.

आता माझी फजिती सांगतो. पहिले काही आठवडे माझ्या अहवालात २००८ च्या ओळीत १९ टक्के तोटा दिसत होता. मी मनातून खूश होतो. सोनं आणि मुदत ठेव आपल्याला सांभाळून घेतात, असं घरी सांगूनही झालं होतं. एका रविवारी सहज हाताने गुणाकार केला, तर उत्तर ३७ टक्के आलं. मिडकॅप फंड माझ्याकडे डायरेक्ट प्लॅनमधला आहे, आणि आपल्याकडे डायरेक्ट प्लॅन सुरूच झाले १ जानेवारी २०१३ ला. २००८ मध्ये त्याचा भाव असणं शक्यच नव्हतं. रिकाम्या जागी काय धरायचं, हे मी प्रोग्राममध्ये फार विचार न करता लिहून टाकलं होतं:

```
returns = returns.fillna(0)
```

म्हणजे माहिती नसेल तिथे शून्य. शून्य परतावा म्हणजे घसरण शून्य. म्हणजे माझे मिडकॅपचे ५ लाख इतिहासातल्या सगळ्यात वाईट वर्षात जसेच्या तसे राहिले होते! इंडेक्स फंडही डायरेक्टच होता, पण त्याला मी थेट सेन्सेक्सचे आकडे जोडले होते, म्हणून तो वाचला. तोही निसटला असता तर अहवालाने २००८ मध्ये पाच टक्के नफा दाखवला असता आणि चूक त्याच दिवशी पकडली गेली असती. १९ टक्के हा आकडा पटण्यासारखा होता, म्हणून तो इतके दिवस खपला.

उपाय सोपा आहे. एखाद्या गुंतवणुकीला त्या काळाचा भाव नसेल, तर तिला जवळचा इतिहास उसना द्यायचा: त्याच फंडाचा जुना रेग्युलर प्लॅन, आणि तोही नसेल तर तिच्या जातीचा निर्देशांक. काहीच नसेल तर प्रोग्रामने शून्य न धरता थांबायचं आणि तसं छापायचं. आता माझ्या अहवालात प्रत्येक पडझडीपुढे एक जादा आकडा असतो. २०२० पुढे लिहिलेलं असतं, स्वतःचा इतिहास १०० टक्के. २००८ पुढे ३५ टक्के, कारण त्या वीस लाखांतले १३ लाख उसन्या इतिहासावर उभे आहेत. रेग्युलर प्लॅन घेतानाही ग्रोथ पर्यायच घ्यावा. लाभांश देणाऱ्या पर्यायाची एनएव्ही दर वाटपानंतर खाली येते, आणि प्रोग्रामला ती पडझड वाटते.

सुटे शेअर असतील तर असाच घोळ बोनस आणि स्प्लिटमुळे होतो. इन्फोसिसने सप्टेंबर २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा भाव एका रात्रीत निम्मा झाला. भागधारकाचं काहीच गेलं नव्हतं, हातात दुप्पट शेअर आले होते. साठवलेले भाव दुरुस्त केले नसतील तर प्रोग्रामला मात्र तो ५० टक्क्यांचा कडेलोट दिसतो. म्हणून एका दिवसात ४० टक्क्यांहून मोठी उडी किंवा घसरण दिसली, तर माझा प्रोग्राम ती लाल करून दाखवतो. आपोआप पुसत मात्र नाही. ७ जानेवारी २००९ ला, घोटाळ्याची कबुली आली त्या दिवशी, सत्यमचा शेअर जवळपास ७८ टक्के पडला होता, आणि ती घसरण अगदी खरी होती.

सत्यमच्या नावाने आणखी एक अडचण लक्षात येते. आज आपल्याकडे असलेल्या कंपन्या या २००८ मधून तगून आलेल्या कंपन्या आहेत. ज्या बुडाल्या त्या आपल्या यादीत नाहीत, म्हणून त्यांची घसरण हिशेबात येतच नाही. सुट्या शेअरांची स्ट्रेस टेस्ट त्यामुळे नेहमी थोडी गोड लागते. तिथे मी शेअरच्या स्वतःच्या इतिहासाबरोबर निर्देशांकाचाही इतिहास लावून पाहतो आणि दोन्हींतला वाईट आकडा घेतो.

आणि एक गोष्ट भावांच्या वहीत सापडतच नाही. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या योजनांच्या एनएव्ही पुढेही जाहीर होत राहिल्या, पैसे मात्र काढता येत नव्हते. ते पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाले. भावांच्या इतिहासावर चालणाऱ्या प्रोग्रामला हा काळ जवळपास सपाट दिसतो. म्हणून डेट फंडातले पैसे मी अहवालात वेगळ्या ओळीत ठेवतो, आणि मुदत ठेवीच्या बेरजेत त्यांना मिसळत नाही.

प्रोग्राम लिहायचा नसेल तरी एक कागद आणि तासभर वेळ पुरेल. सुरुवात फंडाच्या फॅक्टशीटवर छापलेल्या योजना सुरू झाल्याच्या तारखेपासून करा. ती जानेवारी २००८ नंतरची असेल, तर त्या फंडाने २००८ सोसलं असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. तो तेव्हा नव्हताच.