'तितकेच गुणकारी' म्हणजे नेमके किती?

उतारवयात नेत्रपटलाचा ऱ्हास रोखण्यासाठी डोळ्यात टोचले जाणारे रॅनिबिझुमॅब महागडे आहे. मूळचे कर्करोगावरील बेव्हासिझुमॅब त्या मानाने फारच स्वस्त. दोन्ही सारखीच गुणकारी आहेत काय, हे तपासताना संशोधक आधी एक मर्यादा ठरवितात: स्वस्त औषध किती कमी पडले तरी चालेल? हेच 'नॉन-इन्फिरिऑरिटी मार्जिन'.

अमेरिकेतील 'कॅट' चाचणीत (२०११) ही मर्यादा दृष्टितक्त्यावरील ५ अक्षरांची, म्हणजे एका ओळीची होती. दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांत स्वस्त औषध सरासरी अर्ध्या अक्षराने मागे राहिले. अनिश्चितता जमेस धरता ही पिछाडी फार तर ३.९ अक्षरांची असू शकत होती. मर्यादा ओलांडली गेली नाही. औषधे समतुल्य ठरली.

ब्रिटनमधील 'आयव्हॅन' चाचणीने (२०१२) मात्र मर्यादा ३.५ अक्षरांची ठेवली. तेथे वर्षअखेरीस सरासरी फरक सुमारे २ अक्षरांचा, तर संभाव्य पिछाडी ४.०४ पर्यंत होती. निष्कर्ष अनिर्णित राहिला. हेच आकडे ५ च्या मापाने मोजले असते, तर स्वस्त औषध उत्तीर्ण झाले असते.

म्हणूनच असा शोधनिबंध वाचताना सरासरीआधी मर्यादा पाहावी. ती चाचणीपूर्वीच ठरली होती काय, आणि तेवढे नुकसान रुग्णाला परवडेल काय, हे विचारावे. 'लक्षणीय फरक आढळला नाही' हे वाक्य पुरेसे नसते. रुग्ण थोडे असतील तर खरा फरकही नजरेआड राहतो.