पानाच्या तळाशी लिहिले होते, ‘बंधनकारक नाही’

दोन पानांचा कागद, दोन्ही पानांच्या तळाशी ‘बंधनकारक नसलेल्या अटी’ असे छापलेले आणि खाली कोणाचीही सही नाही. अमेरिकेतल्या सिगा टेक्नॉलॉजीज या औषध कंपनीला या कागदापायी अखेर वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. कंपनी विकायला किंवा विकत घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे प्रकरण तपशिलात समजून घ्यावे, असे आहे.

२००५ च्या अखेरीस सिगाकडे देवीच्या रोगावरचे एक आश्वासक औषध होते, पण पैसा संपत आला होता. फार्मअथीन या दुसऱ्या कंपनीला हे औषध हवे होते. सिगाला विलीनीकरण पाहिजे होते. फार्मअथीनचा आग्रह मात्र असा, की विलीनीकरण फिसकटले तर निदान औषधाचा परवाना तरी आपल्याला मिळावा. म्हणून जानेवारी २००६ मध्ये दोघांनी परवान्याच्या अटींची ती दोन पानी टर्म शीट तयार केली. परवाना शुल्क ६० लाख डॉलर, विकासाच्या टप्प्यांनुसार आणखी १ कोटीपर्यंत आणि विक्रीवर ८ ते १२ टक्के रॉयल्टी.

मार्चमध्ये दोघांनी विलीनीकरणाच्या लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे इरादापत्रावर सह्या केल्या आणि परवान्याची टर्म शीट त्याला जोडली. त्याच महिन्यात फार्मअथीनने सिगाला तग धरण्यासाठी ३० लाख डॉलरचे कर्ज दिले, जूनमध्ये विलीनीकरणाचा करार झाला. इथपर्यंत सगळे नेहमीसारखे. पण कर्जाच्या आणि विलीनीकरणाच्या, दोन्ही करारांत एक कलम होते: विलीनीकरण झाले नाही, तर दोन्ही बाजू ‘टर्म शीटमधील अटींनुसार’ परवाना करार करण्याच्या हेतूने सद्भावनेने वाटाघाटी करतील. कर्जाच्या करारात त्यापुढे अशीही अट होती, की या वाटाघाटी चालू असताना ९० दिवस सिगा दुसऱ्या कोणाशीही बोलणी करणार नाही.

मग परिस्थिती पालटली. सप्टेंबर २००६ मध्ये औषधासाठी १ कोटी ६५ लाख डॉलरचे सरकारी अर्थसाहाय्य जाहीर झाले. ३० सप्टेंबरची मुदत वाढवून द्यायला सिगाने नकार दिला आणि ४ ऑक्टोबरला विलीनीकरण रद्द केले. परवान्याची बोलणी सुरू झाली तेव्हा सिगाने समोर ठेवलेल्या मसुद्यात सुरुवातीची रक्कम ६० लाखांवरून १० कोटी डॉलर झाली होती, टप्प्यांची रक्कम १ कोटीवरून साडेतेवीस कोटी, तर रॉयल्टी १८ ते २८ टक्के. टर्म शीट बंधनकारक नाही, हे कागदावरच छापले आहे, असा सिगाचा युक्तिवाद होता.

डेलावेअरच्या न्यायालयांनी तो मान्य केला नाही. टर्म शीट स्वतः परवाना करार नव्हती, हे खरे. पण तिच्या अटींनुसार सद्भावनेने बोलणी करण्याचे वचन सही झालेल्या, बंधनकारक करारांत दिले होते आणि सिगाने ते मोडले. २०१३ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढचे पाऊल टाकले. सिगाने सद्भावनेने बोलणी केली असती तर करार झालाच असता, असे सिद्ध होत असेल, तर नुसता खर्च नव्हे, बुडालेला नफाही भरून द्यावा लागेल. दरम्यान, २०१४ मध्ये सिगाने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. डिसेंबर २०१५ मध्ये भरपाईवर अंतिम शिक्कामोर्तब झाले.

इरादापत्र सैल आणि टर्म शीट पक्की, ही ढोबळ समजूत इथे उपयोगी पडत नाही. कागदाच्या शीर्षकापेक्षा प्रत्येक कलमाची भाषा महत्त्वाची असते. एकाच इरादापत्रात किंमत आणि व्यवहाराची रचना बंधनकारक नसते, पण गोपनीयता, एक्सक्लुझिव्हिटी आणि खर्च कोणी सोसायचा ही कलमे बंधनकारक असतात. उलट टर्म शीटमध्ये सगळ्या मुख्य अटी ठरल्या असतील आणि तिने बांधून घेण्याचा इरादा स्पष्ट दिसत असेल, तर सविस्तर करार नंतर होणार म्हणून ती सुटत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या २०१० च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ईमेलवर ठरलेला बॉक्साइटच्या पाच खेपांचा सौदा पक्का करार मानला, औपचारिक कागदावर सही झालेली नसतानाही. मात्र ‘पुढे करार करू’ एवढाच करार असेल, तर आपल्याकडची न्यायालये तो अमलात आणत नाहीत. त्यामुळे सिगासारखा निकाल इथे सहज मिळेल, असे गृहीत धरू नये.

एक्सक्लुझिव्हिटी म्हणजे ठरलेल्या काळात विकणाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायचे नाही. खरेदीदार हिशेब, कामगारांची देणी, कोर्टकचेऱ्या तपासायला सीए आणि वकील लावतो, पैसा ओततो, म्हणून त्याला ही हमी हवी असते. ती साधारणपणे ३० ते ९० दिवसांची असते आणि मुदत हा तिचा कणा. इंग्लंडमधल्या वॉलफर्ड विरुद्ध माइल्स या खटल्यात माइल्स दांपत्य फोटो धुण्याचा आपला धंदा विकत होते. किंमत २० लाख पौंड ठरली, इतरांशी बोलणी थांबवण्याचे त्यांनी कबूल केले आणि तरीही तिसऱ्यालाच धंदा विकला. १९९२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने खरेदीदारांविरुद्ध निकाल दिला, कारण बोलणी किती दिवस थांबवायची हे ठरलेलेच नव्हते. त्यांच्या हाती आली ती चुकीच्या माहितीबद्दलची ७०० पौंडांची भरपाई. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात १४ दिवसांची अशीच हमी न्यायालयाने ग्राह्य धरली.

विकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र लांब मुदत हाच धोका असतो. महिना उलटला की खरेदीदार तपासणीत सापडलेल्या बारीकसारीक गोष्टी दाखवून भाव पाडू लागतो आणि तोवर बाकीची गिऱ्हाइके पांगलेली असतात. खरेदीदाराने किंमत कमी करण्याचा प्रस्ताव दिला की एक्सक्लुझिव्हिटी त्याच दिवशी संपेल, असे एक वाक्य मसुद्यात घालून घेता येते. ते घालून घ्यावेच.

गोपनीयतेची मुदत याहून बरीच लांब, सहसा एक ते तीन वर्षांची असते आणि बोलणी तुटल्यावरही ती चालू राहते. इथे माहिती कोणाला सांगायची नाही याइतकेच ती कशासाठी वापरायची नाही, हेही लिहावे लागते. मार्टिन मारिएटा आणि व्हल्कन या खडी पुरवणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्यांनी २०१० मध्ये सामोपचाराच्या विलीनीकरणासाठी दोन वर्षांचा गोपनीयता करार करून एकमेकींना माहिती दिली. बोलणी थंडावली आणि डिसेंबर २०११ मध्ये मार्टिनने व्हल्कनच्या संमतीविना ताबा घेण्याची बोली लावली. करारात अशा बोलीवर थेट बंदी नव्हती. पण माहिती फक्त दोघींमधल्या व्यवहारासाठी वापरायची, असे त्यात होते. न्यायालयाने एवढ्या आधारावर मार्टिनचे प्रयत्न चार महिने रोखले.

आपल्याकडे चाकणच्या किंवा इचलकरंजीच्या कारखानदाराला हाच प्रश्न छोट्या आकड्यांत भेटतो. बहुतेक वेळा समोरची मोठी कंपनी आपला छापील मसुदा पाठवते आणि तो ‘नुसती फॉर्मॅलिटी’ म्हणून सही होऊन जातो. सही करण्यापूर्वी वकिलाकडून कोणती कलमे बंधनकारक आहेत त्यांची यादी कलम क्रमांकासह कागदातच लिहून घ्या. एक्सक्लुझिव्हिटी आणि गोपनीयता या दोन्हींपुढे दिवसांचा आकडा नव्हे, कॅलेंडरवरची शेवटची तारीख टाका. ग्राहकांची यादी आणि भावपत्रके मात्र गोपनीयता करारावर सही झाल्याशिवाय देऊ नका. समोरचा उमेदवार तुमचाच स्पर्धक असेल, तर किंमत लेखी ठरेपर्यंत ती हातची सोडू नका.